बक्षीसपत्र कपाटात कसं जपावं

वडिलांनी राहता फ्लॅट तुमच्या नावे करायचं ठरवलं असेल, तर अभिनंदन. आता घाई मात्र करू नका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन घ्या, कॅमेऱ्यासमोर बसा, अंगठे द्या, हे सगळं ज्यांचा कोणावर विश्वास नाही त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे नोटरी आहे. कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसलेला तो गृहस्थ पाच मिनिटांत लाल गोल शिक्का मारतो, वर हिरवं तिकीट चिकटवतो. एवढा देखणा कागद खोटा कसा असेल?

समजा, सांगलीचे नाना. त्यांनी ३ जूनला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर बक्षीसपत्र केलं. लिहून देणार नाना, लिहून घेणार त्यांची मुलगी, म्हणजे तुम्ही. नोटरीने शिक्का मारला, नानांनी पेढे वाटले, कागद कपाटात गेला. कोणी अतिशहाणा येऊन सांगेल की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२३ स्थावराच्या बक्षीसपत्राला नोंदणी आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या करतं, आणि नोंदणी नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे त्या कागदाने फ्लॅटची मालकी हलत नाही. (मुस्लिम कायद्यातला हिबा वेगळा, पण नाना कुलकर्णी आहेत.) त्याला चहा पाजून वाटेला लावा. मुद्रांक शुल्काची भीती घालेल, तर तीही ऐकू नका. महाराष्ट्रात राहतं घर मुलीला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो, शहरात अधिभार वेगळा. एवढ्या स्वस्तात होणाऱ्या कामाची कसली प्रतिष्ठा?

साक्षीदारांचंही फार मनावर घेऊ नका. नोटरीने सही केली म्हणजे दोन साक्षीदारांचं काम झालं असं धरून चाला. फक्त एवढंच की साक्षीदार म्हणजे ज्याने नानांना सही करताना पाहिलं, किंवा नानांनी ज्याला ती आपली सही असल्याचं सांगितलं, आणि ज्याने नानांसमोर स्वतःची सही केली तो. नोटरी काही वेळा नाना येण्याआधीच शिक्का मारून ठेवतो, पण तपशिलात शिरून मूड कशाला घालवायचा.

आणि हो, 'स्वीकारलं' असं कागदावर लिहायचं नाही. बापाने दिलं, लेकीने घेतलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? कायद्याला मात्र नाना हयात आणि देण्याच्या स्थितीत असतानाच झालेला स्वीकार लागतो. त्यासाठी ताबा घेणं, चावी घेणं, सोसायटीचा मेंटेनन्स भरायला लागणं, कागदावर तुमची सही असणं, यातलं काहीही कामी येतं. तुम्ही यातलं काहीच करू नका. उद्या कोर्टात वकील विचारेल तेव्हा 'मनात स्वीकारलं होतं' असं सांगता येईल.

आता घरचा वकील असलेला एखादा भाचा म्हणेल, की नोटरीचा कागद अगदीच वाया गेलेला नाही. साक्षीदार आणि स्वीकार असतील, तर सही झाल्यापासून चार महिन्यांत तोच दस्त नोंदणीला नेता येतो, म्हणजे ३ ऑक्टोबरपर्यंत. अडचण पटण्यासारखी असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळतात, दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. नोंदणी झाली की दस्त नोंदणीच्या तारखेपासून नाही, सहीच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे २० सप्टेंबरला नोंदवला तरी मालकी ३ जूनपासूनची. मधल्या काळात नाना थोरल्या मुलाच्या दबावाला बळी पडून १ जुलैला त्याच्या नावे दुसरं बक्षीसपत्र करून दुसऱ्याच दिवशी नोंदवतील, तरी तुम्ही ३ जूनचं स्वीकारलेलं असेल तर तुमचंच वर ठरतं. प्रिव्ही कौन्सिलने १९२७ सालीच हे सांगून ठेवलं आहे, की स्वीकारलेलं बक्षीस केवळ नोंदणी व्हायची राहिली म्हणून देणाऱ्याला मागे घेता येत नाही. भाच्याचं बोलणं ऐकताना जांभई द्या. चार महिने म्हणजे खूप वेळ असतो.

नानांना चालवत नाही? उत्तम. मग नोंदणीला जाण्यासाठी जावयाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा, आणि तेही नोटरीकडेच. कायदा म्हणतो की दस्त नोंदणीला दाखल करण्यासाठीचं मुखत्यारपत्र, देणारा भारतात राहत असेल तर, त्याच्या भागातल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित झालेलं हवं. (परदेशात असलेल्यांना तिथला नोटरी किंवा भारतीय वाणिज्य दूतावास चालतो. सांगली अजून परदेश झालेली नाही.) आजारी माणसाला कार्यालयात यायला लावू नये म्हणून निबंधक घरीही येऊ शकतो, शिपाई यंत्र घेऊन सोबत. तो घरी येणारच असेल तर थेट बक्षीसपत्रच का नोंदवत नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला तर तो दाबून टाका. अशाने सगळ्यांची कामं संपतील.

मुखत्यारपत्रात 'मिळकतीची व्यवस्था पाहणे, विकणे, भाड्याने देणे' एवढं लिहा आणि निश्चिंत राहा. बक्षीस देण्याचा अधिकार कोर्ट त्यातून ओढून काढत नाही, तो स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. पण 'सर्व प्रकारचे अधिकार' या ओळीवर महाराष्ट्राची अर्धी जनता निश्चिंत झोपते, तुम्हीही झोपा.

१४ ऑगस्टला नाना गेले. आता खरी मजा येते. मुखत्यारपत्र त्याच दिवशी संपलं, कारण देणारा गेला की मुखत्याराचा अधिकारही जातो. जावई तो कागद घेऊन सांगली कार्यालयात उभा राहील तेव्हा ती मुखत्यारी रद्दीच्या किमतीची ठरेल. नाना गेल्याचं लपवून दस्त नोंदवला तर पुढे त्या नोंदणीचं आणि जावयाचंही काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तरी नाराज होऊ नका. दस्तावर हक्क सांगणारी म्हणून तुम्ही स्वतः तो दाखल करू शकता, ३ ऑक्टोबरच्या आत. नानांची सही कबूल करायला मात्र नाना नाहीत, म्हणून त्यांचे वारस निबंधकासमोर येऊन 'ही सही आमच्या वडिलांचीच' असं सांगतात. वारसांत थोरला दादा आहे, ज्याला ३ जूनला पेढाही मिळाला नव्हता. त्याला प्रेमाने बोलवा. तो नाही म्हणाला की दुय्यम निबंधकाला दस्त नाकारावा लागतो. मग ३० दिवसांत जिल्ह्याच्या निबंधकाकडे अर्ज, तिथे साक्षीपुरावे, तिथेही नकार आला तर ३० दिवसांत दिवाणी दावा. तोपर्यंत नोटरीच्या रजिस्टरचं ते पान आणि दोन साक्षीदार शोधावे लागतील. त्यातला एक पुण्याला गेला, दुसऱ्याने दादाच्या दुकानाचं भाडं थकवलं आहे, आणि तो आता काय आठवतं ते दादाला विचारून सांगतो.