डीओ उडाल्यावर "दोन फेज" उरत नाहीत, मोटर आधी बंद करा

"शेतकरी बंधूंनो, डीपीचा एक डीओ उडाला तर घाबरू नका. बाकी दोन फेज चालूच असतात, चालू मोटर दोन फेजवर आरामात चालते, बंद करू नका. प्रिव्हेंटर उगाच मोटर पाडतो, त्याला डायरेक्ट करा, ओव्हरलोड रिले आहे तोवर वायंडिंग जळत नाही. घरात लाईट डिम असेल तर स्टॅबिलायझर लावा. पडलेल्या डीओत करंट नसतो, कोरड्या काठीने परत चढवता येतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज माझ्या चुलत्यांपर्यंत, म्हणजे आबांपर्यंत, भाऊबंदकीच्या ग्रुपवरून पोचला. चोपडा तालुक्यात त्यांची केळीची कांदेबाग आहे, पाणी बोअरच्या 5 एचपी सबमर्सिबलवर. मागच्या आठवड्यात डीओ, म्हणजे डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा 11 केव्हीचा फ्यूज, उडाला, मी फोनवर सांगितलं मोटर बंद करा, तर आबा म्हणाले "मोटर तं चालू शे ना रे, मेसेज वाच." तासाभरात मोटर गेली. आता बोअरमधून पाईप काढायची मजुरी, वायंडिंग, आणि तोवर बाग तहानलेली. मी स्वतः मोटर वायंडिंगचं काम करतो, जळालेली मोटर उघडून बघणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

आधी ते दोन फेजचं. वरच्या 11 केव्हीच्या तीन तारांपैकी एक गेली की दोन तारा उरतात हे बरोबर, पण दोन तारांमध्ये व्होल्टेज एकच असतं. डीपीत 11 केव्हीच्या बाजूला तीन कॉइल डेल्टात जोडलेल्या असतात, प्रत्येक कॉइल दोन तारांच्या मध्ये. एक तार गेली की एका कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेल्या दोन कॉइल एकामागे एक लागून त्याच दोन तारांवर येतात, म्हणजे प्रत्येकीला अर्धंच. खाली एलटीला, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला, प्रत्येक फेज आपापल्या कॉइलवर बसलेला, त्यामुळे मीटर लावला तर न्यूट्रलशी एका फेजवर 240 आणि दोन फेजवर 120-120 च्या आसपास. फेज टू फेज मोजलं तर दोन जोड्यांत साधारण 360 आणि तिसऱ्या जोडीत, म्हणजे त्या दोन अर्ध्या फेजच्या मध्ये, जवळजवळ शून्य. शून्य कारण ते दोन्ही आता एकच झालेत, एकाच वेळी चढतात, एकाच वेळी उतरतात. मोटर फिरते ती तीन फेज एकामागून एक येतात म्हणून, इथे तर सगळं एकाच तालावर चाललंय, फिरवणारं कुणी उरलंच नाही.

लोक फसतात ते टेस्टरमुळे. स्क्रू ड्रायव्हरवाला टेस्टर 120 व्होल्टवरही पेटतो, तिन्ही फेजवर लाल दिसतो, माणूस म्हणतो तिन्ही फेज आहेत. मीटरने बघा, आणि सगळ्या मोटरी बंद करून बघा. एकावर पूर्ण आणि दोनांवर अर्धं म्हणजे वरचा डीओ गेला किंवा 11 केव्हीची तार तुटली. दोनांवर पूर्ण आणि एकावर काहीच नाही म्हणजे खाली एलटीचा किटकॅट फ्यूज गेला. मोटर चालू असताना मात्र मोजमापावर विश्वास ठेवू नका, कारण फिरती मोटर स्वतःच त्या पडलेल्या फेजला व्होल्टेज ढकलते आणि आकडे बरे दिसतात. नुसतं व्होल्टेज बघणारा स्वस्त प्रिव्हेंटर यामुळेच कधीकधी फसतो, करंट बघणारा फसत नाही.

आता रिले. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलंय, म्हणून इथे जरा थांबतो. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा आबांची मोटर बंद पडलेली होती, पण शेजारच्या वावरातली तशीच 5 एचपी त्याच डीपीवर चालू होती. नेमप्लेटला 7.5 अँपियर. मी टोंग टेस्टर लावला, तर एका वायरला 17.2, दुसरीला 8.7, तिसरीला 8.5. लगेच बंद करायला लावली. हे आकडे त्याच मोटरपुरते नाहीत, डेल्टा-स्टार डीपीचा वरचा एक फ्यूज गेला की असंच होतं: एका वायरमध्ये करंट साधारण 230 टक्के आणि उरलेल्या दोनांत 115-115. बघा, दोन छोटे मिळून मोठा होतो, कारण दोन वायरमधून गेलेला करंट तिसरीतून परत येतो. खालचा एलटी फ्यूज गेला असता तर दोन वायरमध्ये 173 टक्के आणि तिसरीत शून्य झालं असतं, तो प्रकार वेगळा.

आबांच्या स्टार्टरमध्ये रिले होती. पण तिचा एक पोल कधीतरी जळाला तेव्हा कुणीतरी तो वायरने सरळ जोडून दिला होता, म्हणजे रिले दोनच वायर बघत होती. आणि 17 अँपियर नेमका त्या न बघितलेल्या वायरमधून जात होता. रिले 8 अँपियरवर लावलेली, तिला दिसत होते साडेआठ-पावणेनऊ. सेटिंगच्या 1.05 पटीला रिले पडायचीच नसते, 1.2 पटीला दोन तासांच्या आत पडली पाहिजे, असा तिचा नियम. पावणेनऊ म्हणजे 1.1 पट सुद्धा पूर्ण नाही. तिने काय म्हणून पडावं? आणि तिकडे तिसऱ्या वायंडिंगमध्ये करंट 2.3 पट म्हणजे उष्णता पाचपटीच्या वर, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेत पूर्वी थ्री फेज मोटरला दोन वायरवरच ओव्हरलोड लावलेला चालायचा. वरच्या बाजूच्या फ्यूजमुळे मोटरी अशाच जळायच्या, म्हणून 1971 च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडपासून तिन्ही वायरवर ओव्हरलोड सक्तीचा झाला. तेव्हा रिले असणं पुरत नाही, तिन्ही पोल जिवंत पाहिजेत आणि सेटिंग नेमप्लेटच्या करंटवर पाहिजे. आपल्याकडे सारखी पडते म्हणून सेटिंग 11-12 वर नेऊन ठेवलेली असते, तेही मी रोज बघतो.

आबांची मोटर मी टेबलावर उघडली. आतून स्टार जोडणी. एका फेजच्या सगळ्या कॉइल कोळशासारख्या काळ्या, इन्सुलेशन हाताला भुगा लागतंय, आणि शेजारच्या दोन फेजची तार नुसती तपकिरी झालेली. स्टारच्या मोटरमध्ये एकच फेज असा जळालेला दिसला तर वरचा डीओ आठवायचा, दोन फेज सारखे जळून तिसरा कोरा राहिला तर एलटीचा फ्यूज. डेल्टा जोडणीच्या मोटरमध्ये हे बरोबर उलटं दिसतं, त्यामुळे जोडणी बघितल्याशिवाय निदान करू नका.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. चालू मोटर लगेच थांबत नाही हे खरं आहे. फिरत्या रोटरला थोडा जोर मिळत राहतो, लोड हलका असेल तर ती फिरतच राहते, म्हणूनच तर लोकांना तो मेसेज खरा वाटतो. पण फिरतेय म्हणजे ठीक आहे असं नाही, ती 17 अँपियर खाऊन फिरतेय. आणि एकदा थांबली की परत सुरू होत नाही, नुसती घूं करते. थांबलेल्या मोटरला सुरुवातीचा करंट साधारण सहापट धरा, म्हणजे एका वायंडिंगमध्ये 45 अँपियर, बाकी दोनांत बावीस-तेवीस, आणि फिरवणारा जोर शून्य. सबमर्सिबल यात मिनिटभरही काढेल याचा भरवसा नाही. ऑटो स्विच लावून ठेवला असेल तर लाईट आली की तो बटण दाबतो, तुम्ही घरी झोपलेले.

स्टार्टर आपोआप पडेल ही आशाही धरू नका. कॉइल ज्या दोन फेजवर जोडलेली आहे त्यावर ते अवलंबून आहे. दोन अर्ध्या फेजवर असेल तर तिला शून्य मिळतं, मग मोटर बंदच असेल तर स्टार्टर धरणार नाही. पण उरलेल्या दोन जोड्यांत 360 व्होल्ट असतात, त्यावर तो आरामात धरून ठेवतो. म्हणजे तीनात एक जोडी कामाची, आणि मोटर फिरत असेल तर तीही नाही, कारण मोटर तिथे व्होल्टेज ढकलत असते. तो प्रिव्हेंटर "उगाच" पाडत नाही, हेच बघायला तो बसवलाय. डायरेक्ट केला असेल तर आजच परत जोडा.

स्टॅबिलायझरचं थोडक्यात. 120 व्होल्टचे 230 करायचे तर तो लाईनमधून जवळजवळ दुप्पट करंट ओढणार, आणि घरातले साधे स्टॅबिलायझर एवढ्या खालून उचलतच नाहीत. शिवाय ते 120 सुद्धा स्थिर नसतात, दोन अर्ध्या फेजवर लोड कमीजास्त असेल तर एकीकडे 90 आणि दुसरीकडे 150 अशी वाटणी होते. बल्बला काही होत नाही. फ्रिजचा प्लग मात्र काढा, त्याचा कॉम्प्रेसर अडकून तापतो.

राहिला पडलेला डीओ, आणि इथे मला खरंच राग येतो, कारण मोटर परत भरता येते, गेलेला जीव नाही. डीओची नळी वरून सुटते आणि खालच्या टोकाला लटकते. ते खालचं टोक डीपीच्या कॉइलला जोडलेलं असतं, आणि कॉइलची दुसरी टोकं उरलेल्या दोन चालू तारांवर. म्हणजे त्या लटकलेल्या नळीवर जमिनीच्या मानाने साधारण 3,200 व्होल्ट असतात. 11 केव्हीची तार जमिनीच्या मानाने 6,350 व्होल्टची, हे तिच्या निम्मं. पडलाय म्हणून तो मेलेला नाही. पावसाळ्यातली काठी वरून कोरडी दिसते आणि आत ओल धरून असते. आणि डीओ का उडाला, हे बघायला नको? 100 केव्हीएच्या डीपीला 11 केव्हीवर पूर्ण लोडला सव्वापाच अँपियरच लागतात, तो फ्यूज उडाला म्हणजे एलटीला शॉर्ट असेल, पक्षी अडकला असेल किंवा डीपीच आतून गेलेली असेल. तशात चढवलात तर ठिणगी तोंडासमोर. 1912 ला फोन करा, डीपीचा नंबर सांगा, आणि लाइनमन येईपर्यंत त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी आणि ऑटो स्विच बंद ठेवा, शेजारच्यालाही फोन करून बंद करायला लावा.