अण्णा, तुम्ही फॉरवर्ड केलेल्या नॉमिनीच्या मेसेजबद्दल

"बँकेत, इन्शुरन्समध्ये ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलं, पैसा त्याचाच. मग बायको, बहीण, आई कुणालाच त्यातलं मागता येत नाही. वारसाचं सर्टिफिकेट नको, मृत्युपत्र नको. ज्या लेकराला द्यायचंय त्याचं नाव टाका, विषय संपला. सर्व ग्रुपवर पाठवा." आणि खाली तुम्ही लिहिलं, "बाळा, तुझंच नाव टाकलंय सगळीकडं. बरोबर आहे ना?"

अण्णा,

फोनवर सांगणार होतो पण तुम्ही शेतात असता, रेंज नसते, अर्धं ऐकता आणि "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहूनच काढलं, चष्मा लावून सावकाश वाचा. मी शाखेत ज्या टेबलला बसतो तिथं आठवड्याला दोन-तीन क्लेम येतात, वारलेल्या माणसाच्या खात्याचे. त्यातली निम्मी भांडणं असल्याच मेसेजवर विश्वास ठेवून झालेली असतात.

पहिली गोष्ट, ती "पैसा त्याचाच" वाली. बँकेच्या खात्याला आणि एफडीला हे चूक आहे. तुम्ही सोयाबीन विकायला लातूरला जाता तेव्हा टेम्पोत शेजारच्या चार जणांची पोती पण असतात, आडत्या पट्टीचे सगळे पैसे तुमच्याच हातात देतो कारण त्याला पाच जणांना शोधत बसायचं नसतं. म्हणून काय ते पैसे तुमचे झाले का? गावात आलं की तुम्ही ज्याचे त्याला मोजून देता. नॉमिनी म्हणजे तोच पट्टी घेणारा माणूस. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टमध्ये ४५ झेडए नावाचं कलम आहे, त्याचा अर्थ एवढाच की बँकेनं नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी, उद्या दुसरा वारस आला तर बँकेला धरू शकत नाही. नॉमिनीला मात्र धरू शकतो. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राम चंदर तलवार केसमध्ये हेच सांगितलंय, खात्यातला पैसा वारसाहक्कानंच जातो, नॉमिनी फक्त घेणारा.

आता आपल्याच घराचा हिशोब करू. आत्ता हे लिहिताना पण कसंतरी होतंय, पण करू. समजा तुमची ८ लाखाची एफडी आहे, नॉमिनी मी, मृत्युपत्र नाही. तुमच्यानंतर बँक मला ८ लाख देईल. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलं, मुली आणि आई, सगळे सारख्या वाट्याचे. म्हणजे आई, आजी, ताई आणि मी, चौघं. प्रत्येकाला २ लाख. माझ्या हातात ८ आले तरी त्यातले ६ माझे नाहीतच, ते मी द्यायला बांधील आहे आणि नाही दिले तर ताई माझ्यावर दावा लावू शकते, आणि जिंकेल. ताईचं लग्न झालंय म्हणून तिचा हक्क गेला असं कायद्यात कुठंच नाही, तो मेसेजवाला कोण आहे त्याला बहीण आहे का नाही देव जाणे.

आणि ह्यात एक असं आहे जे कुणाच्याच डोक्यात येत नाही. आजीला जे २ लाख मिळतील ते तिच्यानंतर तिच्या वारसांकडं जातील, म्हणजे काका आणि आत्याकडं सुद्धा. आपल्या दोघांचं काका-आत्याशी वाकडं काही नाही, पण तुम्ही आयुष्यभर घाम गाळून ठेवलेली एफडी आईच्या म्हातारपणासाठी आहे असं तुम्हीच म्हणता, आणि चार वाटे झाले तर आईच्या हातात चौथा हिस्सा येतो.

म्हणून "मृत्युपत्र नको" ही ओळ तर पूर्ण उलटी आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्रात वेगळी नावं असली तर बँक नॉमिनीलाच पैसे देते, पण खरा मालक मृत्युपत्रातला. तुम्हाला एफडी पूर्ण आईला द्यायची असेल तर ते मृत्युपत्रात लिहावं लागेल, दुसरा रस्ता नाही. आणि त्याला काही फार लागत नाही हो, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्री सक्तीची नाही (करून ठेवली तर बरं, नंतर "सही खोटी" म्हणायला जागा कमी राहते). लागतं काय तर तुमची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना बघितलंय आणि स्वतः पण सही केलीय. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही, आणि तुमच्यापेक्षा वयानं लहान, नाहीतर वेळेला साक्षीदारच नसतो. सरपंच काकांना घेऊ नका, ते तुमच्याहून मोठे आहेत.

इन्शुरन्सचं मात्र वेगळं आहे आणि इथं तो मेसेज अर्धा खरा निघतो, म्हणूनच लोक फसतात. जुन्या काळी इन्शुरन्सला पण बँकेसारखंच होतं. १९८३ ची सरबती देवीची केस आहे सुप्रीम कोर्टाची, मुलाच्या १०-१० हजाराच्या दोन पॉलिसी, नॉमिनी सून, मुलगा वारला आणि सासूनं हिस्सा मागितला. कोर्ट म्हणालं, सून फक्त पैसे घेणारी, पैसे वारसांचे. पण २०१५ मध्ये इन्शुरन्स कायद्याचं कलम ३९ बदललं. आता पॉलिसीवाल्यानं स्वतःचे आईवडील, नवरा किंवा बायको, किंवा लेकरं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं असेल तर तो नुसता हातात घेणारा नाही, पैसा त्याचा स्वतःचा होतो. भाऊ, पुतण्या, मित्र असला की मात्र परत जुनाच नियम. तरी पण अगदी डोळे झाकून बसू नका, कारण २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं म्हटलंय की दुसऱ्या वारसांनी हक्क सांगितला तर हे कलम वारसा कायद्याच्या वर जात नाही. म्हणजे पॉलिसीचं पण मृत्युपत्रात एका ओळीत लिहून टाकलेलं बरं.

आता तुमची ती २००९ ची पॉलिसी. मागच्या वेळी कपाटातून काढून बघितली होती मी. नॉमिनी कोण आहे माहितीय का? आबा. एजंट ओसरीवर बसला होता, आबा पण तिथंच होते, तुम्ही म्हणाला असाल "आमच्या वडलांचंच टाका की". आबा जाऊन ११ वर्षं झाली. नॉमिनी पॉलिसीवाल्याच्या आधी गेला आणि दुसरा टाकलाच नसेल तर पैसे वारसांना, म्हणजे आईला क्लेमसाठी सगळ्या वारसांचे कागद जमवत फिरावं लागेल. बदलायला काही नाही, पॉलिसी जिथली आहे त्या शाखेत नॉमिनी बदलायचा फॉर्म, पॉलिसीचा कागद सोबत, आणि त्याच्यावर नवीन नावाची नोंद करून घ्यायची. आईचं टाका.

मग तुम्ही म्हणाल, नॉमिनी मालक नाही तर टाकायचाच कशाला. टाकायचा, कारण तो नसला तर काय हाल होतात ते मी रोज बघायलोय. नॉमिनी असला की बँकेला काय लागतं, क्लेमचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र. संपलं. रक्कम कितीही असो, त्याच्याकडून वारसा सर्टिफिकेट मागायचं नसतं असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. नॉमिनी नसला की सगळे वारस कोण ते सिद्ध करा, जे पैसे घेणार नाहीत त्यांची ना-हरकत आणा, हमीपत्र द्या, रक्कम मोठी असली तर कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, त्याला वकील, तारखा. पुण्यात राहणारा एक भाऊ सहीला येत नाही म्हणून गावातली म्हातारी सहा-सहा महिने फिरते.

तशीच एक मावशी आली होती आमच्याकडं, नॉमिनी होती ती, तरी अडकली. नवऱ्याच्या फॉर्मवर तिचं नाव माहेरचं आडनाव लावून आणि "रखमा" लिहिलेलं, आधारवर "रुक्मिणीबाई" आणि सासरचं आडनाव. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, दोन चकरा जास्तीच्या. म्हणून आईचं नाव आधारवर जसंय तसंच, एक काना-मात्रा इकडं तिकडं नको.

"सगळीकडं तुझं नाव टाकलंय" असं तुम्ही लिहिलंय ते पण तपासून बघा. बचत खात्याला टाकलं म्हणून एफडीला आपोआप लागत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. पासबुकावर, एफडीच्या पावतीवर "नॉमिनेशन रजिस्टर्ड" असं छापलेलं असतं ते बोटानं शोधा, नसेल तर नाहीच समजा आणि फॉर्म दिल्यावर पोच घ्या. तुमचं आणि आईचं जे जॉइंट खातं आहे त्यात एक गेला तरी दुसऱ्याला चालवता येतं, नॉमिनीची पाळी दोघांच्या नंतर. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी पर्यंत टाकता येतात, दोन प्रकारे, एक तर टक्के वाटून, ज्यांची बेरीज १०० झाली पाहिजे, नाहीतर क्रमानं, म्हणजे पहिला नसेल तरच दुसरा. तुमच्या एफडीला मी दुसरा प्रकार घ्यायला सांगेन, पहिली आई, नंतर मी, नंतर ताई.

आजीच्या निराधार पेन्शनच्या खात्याला पण नॉमिनी नाही, मी बघितलंय. तिचा अंगठा आहे, त्यामुळं त्या फॉर्मवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, सहीवाल्याला लागत नाहीत. तिला बँकेत न्यायचं म्हणजे रिक्षा करावी लागेल, सोमवारी बाजार असतो तो दिवस सोडा. आणि तिला विचारूनच नाव टाका हो, ती आत्याचं म्हणाली तर आत्याचं.

तुमचा,
बाळू