हेस्टिंग्जच्या वकिलानं मदरशाचं नाव काढू नये

"अभिरूप न्यायालयात वॉरन हेस्टिंग्जची बाजू घ्यायची म्हणजे इंग्रजी राजवटीची भलामण करायची. त्यानं कलकत्त्याला मदरसा काढला, गीतेच्या इंग्रजी भाषांतराला आश्रय दिला, इकडचे राजेही मनमानीच करायचे, एवढं सांगायचं. आणि शेवटी तो सुटलाच की!"

बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत चाललेला खटला वर्गात नव्यानं उभा करायचा म्हटलं की हा सूर हमखास ऐकू येतो. मदरसा आणि गीता आधी उरकून टाकू. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण आरोपपत्रात त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. वकिलानं राजवटीला नव्हे, आरोपाला उत्तर द्यायचं असतं.

बनारसचा राजा चेतसिंग याचा आरोप घ्या. तो ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला साडेबावीस लाख रुपये भरत होता. १७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं, तेव्हा हेस्टिंग्जनं त्याच्याकडे वर आणखी पाच लाख मागितले. पुढची दोन वर्षंही तेच, शिवाय घोडदळ. चेतसिंग टाळाटाळ करतो म्हणून त्याला ५० लाखांचा दंड ठोकायच्या इराद्यानं १७८१ मध्ये हेस्टिंग्ज स्वतः बनारसला गेला. राजाला अटक झाली, लोक उठले, शिपाई कापले गेले आणि हेस्टिंग्जला चुनारला पळ काढावा लागला.

इथे बचावाला खरी जागा आहे. चेतसिंग स्वतंत्र राजा होता की कंपनीच्या अमलाखालचा जमीनदार? जमीनदार असेल, तर युद्धाच्या वेळी मालकानं जादा मदत मागणं बेकायदा कसं? १७८६ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान पिट यानंही संसदेत मदत मागण्याचा हक्क मान्य केला होता. पण दंड अवाच्या सवा आहे म्हणत त्यानं मत दिलं ते हेस्टिंग्जच्या विरोधातच. म्हणून शहाणा वकील दंडाचं समर्थन करत बसणार नाही. तो म्हणेल, "महाराज, मागणी आणि दंड वेगळे करून बघा. ५० लाख वसूल झालेच नाहीत."

फिर्यादी लगेच विचारेल, वसूल झाले नाहीत ते उठावामुळे, दयेमुळे नव्हे, हो ना? याला चोख उत्तर नाही, आणि ते आहे असं भासवू नये.

इकडच्या राजांच्या मनमानीचा मुद्दा तर हातानं ओढवून घेतलेली आपत्ती. हेस्टिंग्जनं संसदेत वाचलेल्या निवेदनात असलाच सूर होता. खटल्यातला मुख्य फिर्यादी बर्क यानं तोच धरून त्याला सोलून काढलं. निवेदनातला बनारसचा भाग आपण नाही, आपला मित्र हॅलहेड यानं लिहिला, असं हेस्टिंग्जला पुढे सांगावं लागलं.

राहता राहिली सुटका. खटला १७८८ ला उभा राहिला, निकाल लागला १७९५ मध्ये. सगळे आरोप ऐकून मगच बचाव, असं न्यायदान करणाऱ्या लॉर्ड्सच्या सभागृहानं ठरवलं, त्यामुळे चेतसिंगाच्या आरोपावरची साक्ष आणि त्यावरचं मत यांच्यामध्ये वर्षं गेली. अखेर मत द्यायला जेमतेम २९ जण उरले. तो सुटला हे खरं. पण वर्गातले न्यायाधीश आज नव्यानं पुरावा ऐकत असतात. जुना निकाल त्यांच्यापुढे ठेवला तर फिर्यादीनं हरकत घ्यावी आणि ती मान्य व्हावी.