क्लचवरचा पाय आणि कमरेमागचा टॉवेल: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "आपला लेख वाचून कमरेमागे टॉवेलची गुंडाळी घेऊन सोलापूरहून पुण्याला गेलो. मोहोळपर्यंत बरे वाटले, पण टेंभुर्णी येईतो कंबर एरवीपेक्षा जास्त धरली. आंघोळीचा जाड टॉवेल होता, सीटची पाठ अगदी ताठ होती आणि पाय मोकळे राहावेत म्हणून सीट पूर्ण मागे घेतली होती. गाडी क्लचची आहे. शिवाय दर तासाला थांबायचे तर पाच तासांचे सात होतात. एवढा वेळ कोणाला आहे? हे सल्ले दवाखान्यातल्या खुर्चीत बसून दिल्यासारखे वाटतात."

सप्रेम नमस्कार,

टॉवेलच्या बाबतीत चूक माझी आहे. गुंडाळी घ्या एवढेच मी लिहिले. ती सर्वांत शेवटी घ्यायची असते, हे लिहायचे राहून गेले. आधी सीटचे पेडलपासूनचे अंतर, मग सीटच्या पाठीचा कल, आणि ही दोन्ही जमल्यावर टॉवेल, असा हा क्रम आहे. पहिल्या दोन गोष्टी चुकलेल्या असतील तर टॉवेल नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो उलट त्रास देतो, आणि आपल्या बाबतीत नेमके तेच झाले असावे.

याचे कारण कमरेत नसून मांडीच्या मागच्या बाजूला आहे. मांडीमागचे लांब स्नायू वरच्या टोकाला, आपण ज्या हाडांवर बसतो त्या बैठकीच्या हाडांना चिकटलेले असतात आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे पोटरीच्या हाडांपर्यंत जातात. बसलेल्या स्थितीत गुडघा जितका सरळ होईल तितके हे स्नायू ताणले जातात आणि बैठकीच्या हाडांना पुढे ओढतात. त्यामुळे कमरेखालचा सगळा हाडांचा सांगाडा मागच्या अंगाला कलंडतो आणि उभे असताना कमरेला जो आतल्या बाजूचा बाक असतो तो सपाट होतो किंवा उलटा, बाहेरच्या बाजूला वळतो. सीट पूर्ण मागे असली की उजवा पाय अॅक्सिलरेटरवर सतत लांबवलेला राहतो, डावा पाय प्रत्येक क्लचला आणखी लांबतो, आणि दर वेळी बूड सीटवर थोडेसे पुढे घसरते. बूड पुढे गेले की टॉवेल मूळच्या जागी राहत नाही. तो कमरेऐवजी बरगड्यांच्या खालच्या कडेशी येतो आणि आधार द्यायचा सोडून पाठ पुढे ढकलू लागतो. मोहोळपर्यंत बरे आणि टेंभुर्णीला वाईट, हा क्रम म्हणूनच मला ओळखीचा वाटला.

ओळखीचा अशासाठी की आमच्या दाजींचे हेच झाले होते. ते चादरी-टॉवेलचे व्यापारी. महिन्यातून दोनदा स्वतः गाडी चालवत हैदराबादला जातात आणि उमरग्याच्या पुढे कमरेवर हात ठेवून बसतात. एका रविवारी त्यांच्याच अंगणात, बंद गाडीत, मी मागच्या सीटवर बसलो आणि बाजूने हात घालून त्यांच्या पट्ट्याच्या पातळीवर पाठ व सीट यांच्यामध्ये तळहात सरकवला. तळहात काय, माझी मूठ आरामात गेली. मग त्यांना क्लच तळापर्यंत दाबायला सांगितले, तर गुडघा जवळजवळ सरळ झाला, बूड पुढे सरकले आणि मुठीभोवतीची जागा आणखी वाढली. क्लच सोडला तरी बूड पूर्ण मागे आले नाही. शहरातून महामार्गाला लागेपर्यंत हे किती वेळा होत असेल याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असावा, कारण ते एकदम गप्प झाले. सीट एवढी मागे का घेता, असे विचारले तर स्टिअरिंग पोटाला लागते, हे खरे कारण थोड्या वेळाने बाहेर आले.

आम्ही केले ते असे. दाजींनी बूट घालून बूड सीटच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण मागे नेले. मग क्लच तळापर्यंत दाबलेला असताना गुडघ्यात स्पष्ट बाक राहील आणि बूड जागचे हलणार नाही, इथपर्यंत सीट खाच-खाच पुढे घेतली. तिसऱ्या खाचेला ते जमले. ज्या गाडीत सीटची उंची बदलता येते त्यात बैठक इतकी उचलावी की खुबे गुडघ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येतील. पोटाच्या अडचणीसाठी स्टिअरिंग वर उचलले आणि सीटची पाठ थोडी मागे कलवली. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांच्यात मात्र किमान 25 सेंटीमीटर अंतर राहिलेच पाहिजे, कारण एअरबॅग फुगायला तेवढी जागा लागते.

सीटची पाठ काटकोनात ठेवण्याबद्दल दोन शब्द. "ताठ बस" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि जमिनीवर मांडी घालून बसताना त्यात तथ्यही असेल, पण गाडीत काटकोनी पाठ टिकवायची तर कमरेचे स्नायू सतत कामाला लागतात आणि ते थकले की माणूस आपोआप पुढे घसरतो. 1970 च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. त्यात पाठ मागे कलवल्यावर आणि कमरेला आधार दिल्यावर गादीवरचा दाब कमी झालेला आढळला. चालकाला समोरचे नीट दिसायला हवे आणि हातही पोहोचायला हवेत, म्हणून फार मागे न जाता बैठक आणि पाठ यांत 100 ते 110 अंशांचा कोन पुरे. कोन मोजायला कोणी कंपास घेऊन बसत नाही. खांदे सीटला टेकलेले असताना हात पुढे केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, म्हणजे कल ठीक आहे.

आता टॉवेल. सोलापुरात राहून टॉवेलला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही, पण आंघोळीचा जाड टॉवेल या कामाला नको. हात पुसायचा छोटा नॅपकिन पुरतो. तो लांबीत घडी घालून असा गुंडाळावा की पाठ टेकल्यावर दबून त्याची जाडी तीन-चार सेंटीमीटर उरेल. दोन्ही हात कमरेवर ठेवले की तळव्याखाली हाडाची जी कड लागते, तिच्या पातळीला मागे अंगठे जिथे येतात तिथे किंवा बोटभर वर त्याचा मध्य यावा. जाडी जास्त झाली हे ओळखण्याची खूण साधी आहे: दोन्ही खांद्यांची पाती सीटला टेकत नाहीत, अथवा वीस मिनिटांत बरगड्यांच्या खाली दुखू लागते. अशा वेळी गुंडाळी सैल करावी, सहन करू नये. गुंडाळीला दोन्ही टोकांना नाडी बांधून ती डोकेटेकूच्या दांड्यांना अडकवावी, म्हणजे खाली घसरत नाही. सुटलेला टॉवेल पेडलखाली गेला तर कंबरदुखी ही त्या दिवसाची सर्वांत किरकोळ गोष्ट ठरेल. आणि मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे. एका बुडाखाली दोन सेंटीमीटरची पाचर घेऊन अडीचशे किलोमीटर बसलो तर उरलेली सगळी मेहनत वाकडी होते.

थांबण्याबद्दल आपला हिशेब वेगळा आहे, कारण आपण थांबणे म्हणजे ढाब्यावर टेबल धरणे असे गृहीत धरले आहे. माझ्या हिशेबात पाच मिनिटांचे तीन थांबे येतात: पहिला टेंभुर्णीच्या आसपास, दुसरा भिगवणला आणि तिसरा यवतच्या अलीकडेपलीकडे, पुण्याची वाहतूक अंगावर येण्याआधी. एकूण पंधरा-वीस मिनिटे. भिगवणला मासे खायला बसलात तर तो जेवणाचा वेळ झाला, कमरेचा नव्हे, कारण तिथेही आपण बसूनच असतो.

या पाच मिनिटांतला क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही पाय एकत्र बाहेर काढून उतरावे, दाराला धरून अर्धा मिनिट नुसते उभे राहावे, मग हात कमरेवर ठेवून सावकाश पाच-सहा वेळा मागे वाकावे आणि दोन-तीन मिनिटे चालावे. डिकीतले सामान शेवटी. बराच वेळ पाठ वाकवून बसल्यावर मणक्यांमागचे स्नायुबंध ताणून सैल झालेले असतात आणि उभे राहताक्षणी ते पूर्ववत होत नाहीत. प्रयोगात वीस मिनिटे पूर्ण वाकून बसवलेल्या लोकांचा गेलेला ताठरपणा पहिल्या दोन मिनिटांत साधारण निम्मा परत आला, मात्र अर्ध्या तासानंतरही थोडी कसर राहिली होती. म्हणून पुण्यात उतरल्याउतरल्या वाकून बॅग ओढणे हा प्रवासातला सर्वांत वाईट क्षण असतो, आणि "प्रवासात काही झाले नाही, बॅग उचलली आणि उसण भरली" असे सांगत माझ्याकडे येणारे लोक खोटे बोलत नसतात.

मागे वाकणे सर्वांना मानवत नाही. साठीच्या पुढच्या ज्या माणसांचे पाय चालताना जड होतात आणि बसले वा पुढे वाकले की हलके होतात, त्यांनी ते टाळावे. त्यांना जाड गुंडाळीही नकोशी वाटते. मागे वाकताना कळ पायात उतरत असेल तरी तिथेच थांबावे. कळ गुडघ्याखाली जाऊन टिकून राहिली, तर सीटच्या खाचा मोजत न बसता तपासणी करून घ्यावी. चवडा उचलता येईनासा झाला, मांड्यांच्या मधला, खोगीर लागते तो भाग बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खडबडीत रस्त्याचे हादरे मात्र यातल्या कशानेच जात नाहीत. दाजींची गाडी आता उमरगा न कुरकुरता पार करते. जहीराबादच्या पुढे कंबर अजूनही बोलते आणि तिथे ते निमूट उतरून चालतात. आपण बंद गाडीत क्लच दाबून बूड सरकते का ते एकदा पाहावे आणि नॅपकिन घेऊन टेंभुर्णीपर्यंत जाऊन यावे. तरीही कंबर धरली तर दुखणे नेमके कुठे, पट्ट्याच्या रेषेवर की तिच्या वर, तेवढे कळवावे.