क्लासची वेळ बदलायचीय? चार ओळी पुरतात हो!

आज दुपारी पावणेतीनला एक व्हॉइस नोट आली, तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. क्लास पाचला. मी पेपर तपासत बसले होते, हातातला लाल पेन खाली ठेवून पूर्ण ऐकली, कारण मधेच कुठे वेळ सांगितली असेल आणि आपली हुकली असेल तर पंचाईत. सुरुवातीला घरी पाहुणे कसे आलेत, मग मुलाचं पोट, मग गाडी, मग "मॅडम तुम्हाला सारखा त्रास देतोय, आम्हालाच लाज वाटते हो", मग परत पाहुणे, आणि शेवटी "तर आजचं जरा बघा ना, उद्या-परवा कधीतरी, तुम्ही म्हणाल तेव्हा". संपलं. आजचा क्लास रद्द आहे की उशिरा आहे तेवढंसुद्धा त्यात नव्हतं!

मी म्हटलं ठीक, गुरुवारी सातला या. तर गुरुवारी जमत नाही. शुक्रवारी? शुक्रवारी त्याचा दुसरा क्लास असतो. शनिवारी सकाळी? विचारून सांगतो. म्हणजे "तुम्ही म्हणाल तेव्हा" याचा अर्थ मी एकेक वेळ म्हणत जायचं आणि त्यांनी नाही म्हणत जायचं. आणि हे या मुलाच्या बाबतीत पहिल्यांदा नाही, या टर्ममध्ये त्याची वेळ इतक्यांदा हललीय की माझ्या वहीतलं ते पान खोडून खोडून पातळ झालंय.

वेळ बदलायला माझी ना नाही, हे आधीच सांगते नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. पोरं आजारी पडतात, शाळा ऐनवेळी एक्स्ट्रा लेक्चर ठेवते, नोकरीवाल्या आईबापांच्या ड्युट्या फिरतात, सगळं मान्य. राग बदलाचा नाही, मेसेजचा आहे. आणि जितक्या वेळा आधी बदल झालेला असतो तितका तो मेसेज लांबत जातो, हे मी इतकी वर्षं बघतेय. पहिल्यांदा दोन ओळी असतात, चौथ्यांदा निबंध. माणसाला वाटतं आता नुसतं "जमत नाही" म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून कारणं रचत जातो, आणि त्या ढिगात कामाची गोष्ट गाडली जाते.

मागच्या वर्षी माझ्याकडे अकरावीची एक मुलगी होती. वडिलांची शिफ्ट ड्युटी, तेच सोडायला यायचे, त्यामुळे तिचीही वेळ सतत बदलायची. वैताग यायचाच, खोटं कशाला बोलू. पण एकदा तिने स्वतः मेसेज केला, आईवडिलांनी नाही, आणि तो मी अजून ठेवलाय:

"नमस्कार मॅडम. बुधवार १२ चा संध्याकाळी ५ चा क्लास मला जमणार नाही, बाबांची ड्युटी पुन्हा बदलली आहे. याआधीही वेळ बदलावी लागली, तुम्हाला त्रास झाला, सॉरी. गुरुवार १३ ला संध्याकाळी ६.३० नंतर किंवा शनिवार १५ ला सकाळी ९ ते ११ मध्ये जमेल. दोन्ही वेळा तुम्हाला सोयीच्या नसतील तर या आठवड्याचा क्लास राहू दे, मी त्रिकोणमितीची राहिलेली गणितं सोडवून फोटो पाठवते."

बास. सोळा वर्षांची पोरगी आहे ही.

आता बघा ना यात काय काय आहे. पहिल्याच वाक्यात कुठला क्लास ते वार, तारीख आणि वेळ घालून सांगितलंय. तुम्ही म्हणाल वार सांगितला की तारीख कशाला. अहो, ज्याची वेळ आधीच दोनतीनदा हललीय त्याच्या "बुधवारच्या क्लास"चे दोन अर्थ होतात, मूळचा बुधवार का मागच्या आठवड्यातून सरकवलेला बुधवार? आणि रात्री पावणेबाराला "उद्याचा क्लास नको" असं पाठवणारे तर थोरच. मी ते सकाळी साडेसहाला वाचते, तोवर त्यांचा उद्या माझा आज झालेला असतो. एकदा अशाने मी एका मुलाची वाट बघत बसले आणि दुसऱ्याच दिवशी तो दारात हजर, तेव्हा आत दुसरी बॅच चालू. त्याला बिचाऱ्याला परत पाठवलं, त्याचा काय दोष.

कारण बघा तिचं. अर्ध्या वाक्यात. बाबांची ड्युटी, पुढे काही नाही. मला कारणाचा पुरावा नकोच असतो, मला फक्त एवढं कळायला हवं की हे एकदाचंच आहे की पुढच्या आठवड्यातही होणार आहे. "ड्युटी बदलली" म्हटल्यावर मला ते कळलं. पोटदुखीचं सविस्तर वर्णन ऐकून काय कळणार? उलट ते ऐकलं की तब्येतीची चौकशी करावी लागते, ती केली की त्याचं उत्तर येतं, आणि वेळ ठरवायची ती राहतेच. हां, कुणाच्या घरी खरंच मोठं संकट असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कसला फॉरमॅट आणि कसलं काय, नुसतं "आज नाही" लिहा, पुरे.

सॉरीसुद्धा एकदाच, आणि मागच्या बदलांचा सरळ उल्लेख करून. मला ते फार आवडलं होतं. काहीच झालं नाही असं दाखवलं नाही आणि लोटांगणही घातलं नाही. लोक चार वेळा माफी मागतात ना, तेव्हा समोरच्याला चार वेळा "अहो असू दे, काही हरकत नाही" म्हणावं लागतं, आणि खरं तर हरकत असते! आणखी एक, "परत असं होणार नाही" हे तिने लिहिलं नव्हतं. वडिलांची ड्युटी तिच्या हातात होती का? मग कशाला वचन द्यायचं. नंतर ते मोडलं की वेळही जाते आणि शब्दही.

पण खरी गंमत त्या दोन वेळांमध्ये आहे. दोन वेगवेगळे दिवस, एक संध्याकाळ, एक सकाळ. एकच वेळ दिली तर ती हुकुमासारखी वाटते आणि जमली नाही तर गाडं परत पहिल्यापासून. "कधीही चालेल" म्हटलं तर शोधायचं काम सगळं माझ्यावर. माझ्याकडे संध्याकाळी पाच ते साडेआठ दीडदीड तासाच्या दोन बॅच असतात, मधे अर्धा तास. तेवढ्यात फळा पुसायचा, पुढच्या बॅचच्या वह्या काढायच्या, एक घोट पाणी प्यायचं. त्या अर्ध्या तासात कुणाचा राहिलेला क्लास बसत नाही हो, दिसतो मोकळा पण तो मोकळा नाही. म्हणून ती "६.३० नंतर" म्हणाली आणि शनिवारी "९ ते ११ मध्ये", तेव्हा मला सरकवायला जागा मिळाली. मी शनिवारी साडेनऊ ते अकरा दिले, तिचा एक मेसेज, माझा एक मेसेज, विषय संपला. आज माझे किती मेसेज गेले ते मोजलेलेच नाहीत, आणि पेपर तसेच पडलेत.

आणि ते शेवटचं वाक्य. दोन्ही नाही जमलं तर काय, हेही तिनेच ठरवून दिलं. हे मोठी माणसं का करत नाहीत मला कळत नाही. पैसे भरलेत म्हणून भरपाईचा क्लास मिळायलाच हवा असा एक सूर असतो, आणि मला तो कळतो, पैसे तुमचे आहेत. पण सतत बदलणाऱ्याला "राहू दे" म्हणायची तयारी असली की समोरचा आपण होऊन जागा काढतो, निदान मी तरी काढते.

आता जरा शांत झालेय म्हणून पुढचं लिहिते, कारण हे त्या मुलीलाही आधी जमलं नव्हतं आणि मलाही तिला सुचवायला वेळ लागला. तिसऱ्या-चौथ्यांदा बदलायची पाळी आली की त्या एका क्लासबद्दल बोलण्यात अर्थ नसतो, ती वेळच चुकीची असते. तिच्या वडिलांच्या ड्युटीचा तक्ता आठवड्याच्या सुरुवातीला लागायचा. मग आम्ही ठरवलं की तिने तो लागला की त्याच दिवशी मला एका ओळीत कळवायचं, या आठवड्यात बुधवार की शनिवार. दोनच पर्याय, तिसरा नाही. दोन्ही जागा अडवून ठेवाव्या लागायच्या का? तर नाही, शनिवारी सकाळी मी तशीही राहिलेल्यांसाठी वेळ ठेवते, तिथे ती बसायची. त्यानंतर सॉरी लिहायची वेळ फारशी आली नाही तिच्यावर. ज्यांच्या घरी असंच चालतं त्यांनी सरळ लिहावं, "मॅडम, बुधवार आम्हाला सारखा अडतोय, कायमचा दुसरा वार मिळेल का?" यात उद्धट काही नाही. वाट बघायला लागेल म्हणाले तर वाट बघा, पण विचारा तरी.

काही जण म्हणतील शिक्षकही ऐनवेळी क्लास रद्द करतात. करतात. आणि त्यांनाही हेच लागू.

उलट आमच्या बाजूची एक खोड सांगूनच टाकते, कारण हिने मी स्वतः दुसऱ्या क्लासच्या सरांकडून वैतागलेय, माझ्या मुलासाठी वेळ मागताना. आपण दोन वेळा सुचवायच्या आणि समोरून नुसता अंगठा येतो. कुठली वेळ? गुरुवार का शनिवार? परत विचारलं तर "ओके". अहो सर, ओके काय! तेव्हा शिक्षक मंडळी, उत्तर पूर्ण लिहा, आणि जुनी वेळ रद्द झाली हेही त्यातच लिहा, नाहीतर घरी एक जण नवीन वेळ धरून बसतो आणि दुसरा मुलाला जुन्या वेळेला आणून सोडतो. मी असं पाठवते, कुणाला हवं तर उचला: "शनिवार १५, सकाळी ९.३० ते ११ नक्की. बुधवार १२ चा क्लास नाही. वही आणि कंपास आणणे."