पाचात चार मेजर आले म्हणजे नातं 'लिहिलेलं' होत नाही

टॅरोच्या लव्ह स्प्रेडबद्दल, म्हणजे नात्याच्या प्रश्नावर मांडलेल्या कार्ड्सबद्दल, असा एक दावा केला जातो: "लव्ह स्प्रेडमध्ये बहुतेक मेजर आर्काना आले तर समजून जा, हे नातं नशिबातच आहे. १) एवढे मेजर उगाच येत नाहीत. २) मेजर म्हणजे नियती, तिथे आपली इच्छा चालत नाही. ३) अशा वेळी मायनर कार्ड बघायचीही गरज नाही. ४) टॉवर किंवा डेथ आलं तरी घाबरू नका, तुटून परत जुळणारच."

पहिल्या मुद्द्याला आधी नुसती मोजणी लावून बघा. डेकमध्ये ७८ कार्ड्स, त्यातले २२ मेजर, म्हणजे लव्हर्स, टॉवर, डेथ अशी मोठी कार्ड्स, आणि बाकीचे मायनर, त्यामुळे पाच कार्ड्स काढली की बहुतेक वेळा त्यात एखाद-दुसरा मेजर येतोच. पाचात तीन किंवा जास्त मेजर यायची शक्यता साधारण १३ टक्के आहे, म्हणजे सात-आठ स्प्रेडमागे एकदा, जो माणूस रोज रीडिंग करतो त्याला हे जवळपास दर आठवड्याला दिसणार. चार किंवा पाच मेजर मात्र २ टक्क्यांच्या आसपास, पन्नासातून एकदा वगैरे. त्यामुळे तीनला मी थांबत नाही, चारला थांबते. पण चार आले तरी आधी शफल तपासायचं, कारण बऱ्याच नव्या डेकमध्ये सगळे मेजर नंबरप्रमाणे एकत्र लावलेले असतात आणि दोन-तीनदा वरवर पिसलं की त्यांचे गठ्ठे तसेच राहतात. स्प्रेडमध्ये सहा, सात, आठ असे लागून नंबर दिसले की मला पहिली शंका हीच येते, मग मी सगळी कार्ड्स टेबलावर पसरून नीट कालवते आणि प्रश्न नव्याने विचारते. आणि काही जण प्रेमाच्या प्रश्नाला फक्त मेजरचाच गठ्ठा वापरतात, तिथे पाचही मेजर येण्याला काहीच अर्थ नाही, दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

आता समजा शफल चांगलं होतं आणि खरंच चार आले. तर हो, मी तो स्प्रेड मोठा मानते, तिथे माझा वाद नाहीये. मायनर रोजच्या गोष्टी बोलतात, भांडणं, मेसेज, पैसे, थकवा, आणि मेजर बोलतात माणसाच्या आयुष्याच्या टप्प्याबद्दल, म्हणून चार मेजर म्हणजे या नात्यात आत्ता जे ठरेल त्याचा परिणाम बराच काळ राहील. पण परिणाम मोठा असणं आणि निकाल आधीच लागलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या मुद्द्यात नेमकी हीच गल्लत झालीये. पंधराव्या शतकात इटलीत टॅरो हा पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झाला, त्यात हे मेजर म्हणजे हुकमाची पानं होती, बाकीच्यांवर चढ. चढ पान हातात आलं तरी ते कधी टाकायचं हे बऱ्याचदा खेळणाराच ठरवतो.

द लव्हर्सच बघा ना, ज्याच्यावर 'सोलमेट'चा शिक्का सगळ्यात आधी मारला जातो. जुन्या मार्सेय डेकमध्ये त्या कार्डावर एक तरुण दोन बायकांच्या मध्ये उभा आहे आणि वर क्यूपिड बाण रोखून आहे, म्हणजे चित्रच निवडीचं आहे. १९०९ च्या रायडर-वेट डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथने ते बदलून आदम-ईव्ह आणि वर देवदूत काढले, तरी निवडीचा अर्थ आजही त्या कार्डाला चिकटून आहे.

एक केस सांगते. चार वर्षांचं नातं, त्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालेली, तो 'बघू' म्हणत राहिलेला, आणि तिचा प्रश्न असा की हे लग्नापर्यंत जाईल का. पाच जागा होत्या: ती, तो, नातं, अडथळा, आणि आहे असंच चालू राहिलं तर पुढची दिशा. कार्ड्स अनुक्रमे स्ट्रेंथ, हँग्ड मॅन, लव्हर्स, टू ऑफ स्वोर्ड्स आणि जजमेंट. पाचात चार मेजर, त्यात लव्हर्स, शेवटी जजमेंट, 'लिहिलेलंच आहे' म्हणायला याहून चांगला स्प्रेड मिळणार नाही, आणि तिला तेच ऐकायचं होतं.

पण अडथळ्याच्या जागेवर बसलेला एकुलता एक मायनर, टू ऑफ स्वोर्ड्स, बघा. डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारी आडव्या धरलेल्या, म्हणजे निर्णय टाळला जातोय. तिसरा मुद्दा इथेच पडतो, कारण चार मोठ्या कार्ड्समध्ये जे एक छोटं कार्ड आहे तेच सांगतं की गाडं रोजच्या जगण्यात नक्की कुठे अडलंय. मग बाकीची कार्ड्स त्याच्या उजेडात वाचायची. हँग्ड मॅन एका पायावर टांगलेला, पण चेहरा शांत, म्हणजे थांबणं त्याला फारसं बोचत नाहीये. स्ट्रेंथमध्ये ती सिंहाला हळुवार धरून आहे, तिची ताकद सगळी स्वतःला आवरण्यात जातेय आणि त्यामुळे त्याचं थांबणं सोपं होतंय. जजमेंटमध्ये देवदूत तुतारी वाजवतो पण शवपेटीतून उठावं त्या माणसांनाच लागतं. मी तिला एवढंच म्हटलं की हा प्रश्न आता दोघांसमोर उघडपणे येणार असं दिसतंय, तू विचारलंस तर उत्तर मिळेल, ते हो असेल की नाही हे कार्डात नाहीये, तो काय ठरवेल हे त्याच्याकडे आहे.

सगळे पाच मेजर आले तर? मग मी उरलेल्या डेकमधले मायनर वेगळे काढते आणि प्रत्येक मेजरखाली एकेक ठेवते, प्रश्न असा की ही मोठी गोष्ट रोजच्या दिवसात कशी दिसतेय. एकच ओळ, त्याखाली आणखी नाही. आवडतं कार्ड येईपर्यंत काढत राहिलात तर ते रीडिंग राहत नाही.

चौथा मुद्दा मला खरंच घातक वाटतो. टॉवर म्हणतं की जे उभं होतं ते कोसळतंय, डेथ म्हणतं एक टप्पा संपतोय. त्यानंतर तेच दोघं परत एकत्र येतील हे दोन्हीपैकी एकाही कार्डात नाही, ते वाचणाऱ्याने वरून घातलेलं आहे. आणि असं वाक्य कधी खोटं ठरूच शकत नाही, महिना गेला, वर्ष गेलं, 'अजून वेळ आली नाही' म्हणता येतंच, आणि ऐकणारा माणूस ज्याने स्पष्ट नाही म्हटलंय किंवा ब्लॉक केलंय अशा माणसाची वाट बघत बसतो. त्याहून वाईट म्हणजे समोरचा मारहाण करतोय, फोन तपासतोय, आणि तरी 'कार्मिक आहे' म्हणून ती टिकून राहते. डेव्हिल कार्ड नीट बघा, त्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या सैल आहेत, डोक्यावरून काढता येतील इतक्या. अशा घरात मेजर कितीही आले तरी रीडिंग बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं माणूस, हेच मी सांगते.

म्हणून अशा स्प्रेडचं वाक्य करताना त्यात 'जर' असू द्या आणि कोणाच्या हातात काय आहे ते वेगळं सांगा. तारीख सांगू नका. आणि त्याच प्रश्नावर पुन्हा स्प्रेड मांडायचा तर मध्ये खरंच काहीतरी घडलेलं असावं, बोलणं झालं, कोणी गेलं, कोणी उत्तर दिलं, नाहीतर पुढच्या वेळी निघणारी कार्ड्स नवीन काही सांगत नाहीत, आणि त्यात मेजर कमी आले तर माणूस उगाच घाबरतो.