अर्धा अधिक एक तृतीयांश आणि आठ बुद्धिमत्ता

कोल्हापुरात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर हे नाव बी.एड. झालेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बुद्धी एकच नसते, वेगवेगळ्या असतात, असं म्हणत 1983 साली त्यांनी सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गविषयक आठवी जोडली. हा सिद्धांत शिक्षकाला का भावतो, हे वर्गात उभं राहिलं की कळतं. गणितात पाच मार्क पडणारं पोरगं तालमीत डाव असा टाकतं की बघत राहावं. त्याला 'ढ' म्हणायला जीभ वळत नाही, आणि गार्डनर म्हणतात, म्हणूच नका, त्याच्याकडे शारीरिक बुद्धिमत्ता आहे. माणूस म्हणून हे पटतंच. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर: "मग त्याला गणितही शरीरातूनच शिकवा."

पाचवीच्या वर्गातलं एक गणित घ्या: अर्धा अधिक एक तृतीयांश. निम्मी पोरं हमखास अंशात अंश, छेदात छेद मिळवून दोन पंचमांश लिहितात. आता 12 सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्या. अर्धी म्हणजे 6, तिसरा हिस्सा 4, मिळून 10. बारातले दहा, म्हणजे पाच षष्ठांश. आणि दोन पंचमांश? 4.8 सेंटिमीटर. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं! इथे पोराची चूक त्याला स्वतःलाच दिसते.

हेच दादरा तालातही जमतं. सहा मात्रांचा निम्मा तीन, तिसरा हिस्सा दोन, बेरीज पाच. पण "छेद सारखे करा, मग बेरीज करा" असं गाणं चालीवर बसवलं, तर पायरी पाठ होते, छेद का सारखे करायचे ते कळत नाही. पट्टी आणि दादरा चालतात, कारण दोन्हीत समान भाग समोर दिसतात किंवा ऐकू येतात. पोराची बुद्धी सांगीतिक आहे का अवकाशीय, म्हणजे आकार आणि जागा जाणणारी, याचा तिथे संबंध आहे हे आधी सिद्ध करायला हवं.

ते करायचं कसं? चाळीस पोरं, वीस 'सांगीतिक' ठरलेली, वीस 'अवकाशीय'. प्रत्येक गटातल्या दहांना चिठ्ठी टाकून पट्टीने शिकवायचं, दहांना दादऱ्याने. आठवड्याने सगळ्यांना एकच चाचणी. सांगीतिक पोरं दादऱ्याने पुढे आणि अवकाशीय पोरं पट्टीने पुढे, असा उलटापालट निकाल आला तरच शिक्का कामाचा. दोन्ही गटांत पट्टीच सरस ठरली तर पट्टी चांगली आहे, एवढंच. (चाळीस पोरं थोडीच, पण रचना कळायला पुरे.) हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अध्ययनशैलींवरच्या, म्हणजे प्रत्येक पोर आपापल्या ठरावीक पद्धतीनेच चांगलं शिकतं या कल्पनेवरच्या, संशोधनात अशी मांडणी शोधली, तेव्हा असे अभ्यास मोजकेच निघाले आणि त्यातल्या बऱ्याचशा अभ्यासांचा निकाल या कल्पनेच्या उलट गेला. गार्डनर स्वतः बजावतात की आपला सिद्धांत म्हणजे अध्ययनशैली नव्हे. आपल्या प्रशिक्षणात मात्र दोन्ही एकाच पत्रावळीत वाढतात.

मूळ सिद्धांतावरचा आक्षेप वेगळा आहे. आठ बुद्धिमत्ता एकमेकींपासून बऱ्यापैकी स्वतंत्र असतील, तर एकीतले गुण दुसरीबद्दल फारसं काही सांगणार नाहीत. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 सालीच दाखवलं होतं की एका बौद्धिक चाचणीत पुढे असणारे दुसरीतही बहुधा पुढे असतात. 2006 मध्ये बेथ व्हिसर आणि सहकाऱ्यांनी 200 प्रौढांना 16 चाचण्या दिल्या, प्रत्येक बुद्धिमत्तेला दोन. भाषिक, तार्किक, अवकाशीय, शिवाय निसर्गविषयक आणि आंतरव्यक्ती, म्हणजे इतरांना समजून घेण्याच्या, चाचण्याही बऱ्यापैकी एकाच सामान्य घटकाशी, म्हणजे सगळ्यांमागच्या समाईक क्षमतेशी, बांधलेल्या निघाल्या. सुटल्या त्या मुख्यतः शारीरिक आणि सांगीतिक, म्हणजे ज्यांना आपण एरवी कौशल्य किंवा कला म्हणतो त्या. कात्री इथेच लागते: ज्यांना सगळे बुद्धी म्हणतात त्या स्वतंत्र नाहीत आणि ज्या स्वतंत्र आहेत त्यांना बुद्धी म्हणावं का, यावरच वाद. गार्डनर यांचं म्हणणं असं की नेहमीच्या चाचण्या भाषा आणि तर्काच्याच वळणाच्या असतात. ठीक, पण आठही मोजणारा प्रमाणित संच त्यांनीही दिला नाही. मग सिद्धांत चुकला, हे ठरवायचं कशावरून?

ती पोकळी भरली जाते प्रश्नावलीने. "मला गाणी ऐकायला आवडतात" यावर टिक केली की सांगीतिक बुद्धीला एक गुण. हे आवड मोजतं, क्षमता नाही. सूर चुकला ते ओळखता येतं का, हे विचारलंच जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे बोटांच्या ठशांवरून आठ बुद्धिमत्तांची टक्केवारी छापून देणारे अहवाल. ठशांच्या रेषा जन्माआधीच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत. त्यावरून पोराची तर्कशक्ती इतके टक्के, असं सांगायला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पालकसभेत असा स्टॉल लागला तर एकच प्रश्न विचारा: याच पोराचे ठसे नाव बदलून दोनदा पाठवले तर आकडे तेच येतील का? आणि आले, तरी ते खरे आहेत हे कुठल्या चाचणीशी ताडून पाहिलं?